सरासरीच्या रेषेचं शेपूट रोज खाली का वळतं?

प्रश्न: आमच्या डॅशबोर्डवर रोजच्या ऑर्डर्सची सात दिवसांची सरकती सरासरी आहे. रेषेचं शेवटचं टोक रोज खाली गेलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी बघावं तर ते टोक वर आलेलं असतं आणि नवीन टोक खाली. आजचा दिवस क्वेरीतून काढून बघितला; घसरण कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. सरासरी घेतल्यावर असे चढउतार जायला नकोत का? आणि उद्या खरीच घसरण आली तर ती ओळखायची कशी?

उत्तर:

तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकावर एक बसले आहेत. वरचा दोष घड्याळाचा आहे: आजचा दिवस अजून संपलेला नाही. तो काढल्यावर खालचा उघडा पडला, आणि तो नोंदींच्या उशिराचा आहे: काल आणि परवा हे दिवस कॅलेंडरवर संपले असले तरी तुमच्या टेबलात संपलेले नाहीत. दोघांवर एकच औषध चालत नाही, म्हणून एकेक घेऊ.

आधी घड्याळाचा. समजा आठवड्याचा साचा असा आहे: सोमवारी ८६० ऑर्डर्स, मंगळवारी ८८०, बुधवारी ९००, गुरुवारी ९२०, शुक्रवारी १०४०, शनिवारी १२२० आणि रविवारी ११८०. बेरीज ७०००, म्हणजे सरासरी बरोबर १०००. प्रत्येक आठवडा हुबेहूब असाच जातो असं धरा. व्यवसायात काडीचाही बदल नाही. आता आज बुधवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि आतापर्यंत २१० ऑर्डर्स आल्यात. तुमची क्वेरी गेल्या गुरुवारपासून कालच्या मंगळवारपर्यंतचे सहा पूर्ण दिवस (६१००) घेते, त्यात आजचे २१० मिळवते आणि सातने भागते: ६३१० भागिले ७, म्हणजे ९०१. काही बिघडलेलं नसताना रेषा १००० वरून ९०१ वर आली.

हे असं का होतं ते समजायला सरासरीच्या पूर्ण सूत्राकडे न बघता तिच्या एका पावलाकडे बघा. काल ते आज या पावलात विंडोमधले सहा दिवस तेच राहतात. फक्त गेला बुधवार बाहेर पडतो आणि आजचा बुधवार आत येतो. म्हणजे सरासरीतला बदल हा (नवा बुधवार वजा जुना बुधवार) भागिले सात, एवढाच असतो. इथे २१० वजा ९००, म्हणजे उणे ६९०, भागिले सात: उणे ९९. रेषा तुम्हाला सांगतेय की अकरा वाजेपर्यंतचा बुधवार हा रात्री बारापर्यंतच्या बुधवारापेक्षा लहान आहे. ते खरंच आहे, पण त्यासाठी आलेखाची गरज नव्हती.

सरासरीने असे चढउतार जायला नकोत का, याचं उत्तरही याच पावलात आहे. सात दिवसांची सरासरी जे घालवते तो वारांचा फरक. विंडोत प्रत्येक वार नेमका एकदाच असतो, म्हणून शनिवारचा फुगवटा आणि सोमवारचा खड्डा दिसत नाहीत. अर्धवट दिवसाचा खड्डा ती घालवत नाही, सात भागांत वाटून पसरवते. रोजच्या स्तंभांच्या आलेखात शेवटचा स्तंभ ठेंगणा दिसला की कोणीही म्हणेल, 'अरे, आजचा दिवस चालू आहे.' तोच खड्डा सरासरीत दहा टक्क्यांचा, सौम्य, अगदी खरा वाटेल असा उतार होऊन येतो. कोणालाही शंका येत नाही आणि लोक कारणं शोधायला लागतात.

या दोषाची एक खूण पक्की आहे. एकच दिवस अपूर्ण असेल, तर घसरण त्या वाराच्या आठवड्यातल्या वाट्यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. सगळे वार सारखे असते तर ही मर्यादा एक सप्तमांश, म्हणजे १४.३ टक्के. वरच्या साच्यात सोमवारसाठी ती ८६० भागिले ७०००, म्हणजे १२.३ टक्के, आणि शनिवारसाठी १७.४ टक्के. त्यामुळेच काही जणांना 'शनिवारी जास्तच पडतं बुवा' असा भास होतो. शनिवारी सकाळी अकराला दिवसाचा तेवढाच वाटा, साधारण २३ टक्के, आलेला धरला तर सरासरी ८६६ च्या आसपास दिसेल. बुधवारी त्याच वेळी ९०१ होती. ग्राहक तेच, सवयी त्याच. फक्त विंडोबाहेर गेलेला शनिवार मोठा होता. घसरण या मर्यादेपेक्षा खोल असेल तर मात्र फक्त आजच्या अपूर्णतेवर बोट ठेवून थांबू नका.

दुसरी खूण तपासायला पाच मिनिटं पुरतात. तोच आलेख सकाळी नऊला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला उघडा आणि शेवटचा आकडा लिहून ठेवा. घड्याळाचा दोष असेल तर तो दिवसभर चढत जातो. धंद्यातली खरी घसरण दिवसातून तीनदा आपोआप भरून येत नाही.

उपाय म्हणून 'आज' काढायचा, हे तुम्ही केलंत. पण ते करताना तीन ठिकाणी पाय घसरतो, आणि तिन्ही मी पाहिलेत, एक तर स्वतः केलंय.

पहिलं: आजचा आकडा `NULL` करणं. दिवस अपूर्ण आहे म्हणून त्याची किंमत कोरी ठेवली की `AVG` ती कोरी किंमत सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढतो, आणि ती गुपचूप काढतो. वाटतं, प्रश्न सुटला. पण सहा दिवसांत एक वार गायब असतो. वरच्या साच्यात शनिवारी ही सरासरी ५७८० भागिले ६, म्हणजे ९६३ येते आणि सोमवारी ६१४० भागिले ६, म्हणजे १०२३. स्थिर धंदा आता आठवडाभर वर-खाली डोलायला लागतो. सात दिवस निवडण्याचं एकमेव कारण होतं वारांचा फरक घालवणं, तेच आपण हाताने परत आणलं. म्हणून अपूर्ण दिवस कोरा करायचा नाही, त्या तारखेचा बिंदूच आलेखात दाखवायचा नाही. रेषा काल संपली पाहिजे.

```sql
WITH daily AS (
  SELECT order_date, COUNT(*) AS n
  FROM orders
  WHERE order_date < (now() AT TIME ZONE :biz_tz)::date
  GROUP BY order_date
)
SELECT order_date,
       AVG(n) OVER (ORDER BY order_date
         ROWS BETWEEN 6 PRECEDING AND CURRENT ROW) AS avg7
FROM daily;
```

ही पोस्टग्रेसमधली मांडणी आहे. पांडाज वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा की `rolling(7)` ला डिफॉल्टमध्ये सातही किमती लागतात, एक जरी कोरी असेल तर तो `NaN` देतो. पण `rolling('7D')` ला एक किंमतही पुरते. म्हणजे दुसऱ्यात वरचा सहा दिवसांचा घोळ आपोआप होतो आणि एकही इशारा येत नाही.

दुसरं: कॅलेंडर टेबल. एखाद्या दिवशी एकही ऑर्डर नसेल तर `daily` मध्ये त्या तारखेची ओळच येत नाही, आणि `ROWS` तारखा न मोजता ओळी मोजतं. मग विंडो आठव्या दिवसापर्यंत मागे जाते. त्यावर उपाय म्हणून लोक तारखांचं कॅलेंडर टेबल जोडतात आणि रिकाम्या जागी शून्य भरतात. ते योग्यच आहे. पण ते कॅलेंडर आजपर्यंत, कधीकधी महिनाअखेरपर्यंत पसरलेलं असतं. ऑर्डर्सवर `WHERE` लावून आज काढला, आणि कॅलेंडरने आजच्या जागी शून्य भरून तो परत आत आणला. आता घसरण अर्धवट दिवसाची नाही, पूर्ण दिवसाची आहे, आणि कॅलेंडर पुढे जात असेल तर रेषा पायऱ्या-पायऱ्यांनी थेट शून्याकडे जाते. तारखेची कात्री ऑर्डर्सना लावायची तशी कॅलेंडरलाही लावायची.

तिसरं टाइमझोनचं, आणि हे मी स्वतः केलेलं. ऑर्डर्सची तारीख टेबलात यूटीसीप्रमाणे पडत होती आणि फिल्टरमधला 'आज' स्थानिक वेळेचा होता, यूटीसीच्या साडेपाच तास पुढचा. रिपोर्टचा जॉब रात्री दोनला चालायचा. स्थानिक रात्रीचे दोन म्हणजे यूटीसीमध्ये आदल्या दिवशी रात्रीचे साडेआठ. तो यूटीसी दिवस संपायला अजून साडेतीन तास होते. फिल्टरच्या मते मात्र तो 'काल' होता, म्हणून आत आला. ते साडेतीन तास स्थानिक मध्यरात्रीनंतरचे, ऑर्डर्स नगण्य. त्यामुळे घसरण अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि कित्येक महिने कोणाच्या लक्षात आली नाही. लक्षात आली ती जॉबची वेळ बदलल्यावर, रेषा अकारण किंचित वर गेली तेव्हा. तारखेची बादली आणि 'आज'ची व्याख्या एकाच टाइमझोनची हवी. वरच्या क्वेरीत `:biz_tz` त्यासाठीच आहे, पण `order_date` देखील त्याच टाइमझोनने पाडलेला असेल तरच त्याचा उपयोग.

आता कोणी म्हणेल, आम्हाला आजचंही चित्र हवं, कालपर्यंत थांबायला वेळ नाही. तर दिवस मोजणं सोडा आणि तास मोजा. शेवटच्या पूर्ण झालेल्या तासापासून मागे १६८ तास घ्या. बुधवारी सकाळी अकराला ही विंडो गेल्या बुधवारी अकरापासून सुरू होते. तिच्यात गेल्या बुधवारचे अकरानंतरचे ६९० आले, मधले सहा दिवस ६१००, आणि आजचे २१०: एकूण ७०००. सातने भागा, १०००. प्रत्येक वार पूर्ण आहे आणि वाराचा प्रत्येक तासही नेमका एकदाच आहे, त्यामुळे शेपूट वळायला कारणच उरत नाही. चालू तास मात्र घ्यायचा नाही, नाहीतर तीच चूक छोट्या प्रमाणात परत होते. जिथे घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे-मागे करतात तिथे वर्षातून दोनदा एका तासाचा फरक पडतो. तो मी सोडून देतो. माझ्या मते दिवसभर बघायच्या प्रत्येक डॅशबोर्डवर हीच विंडो असावी. लोक ती वापरत नाहीत कारण टेबल आधीच दिवसावार गोळा केलेलं असतं आणि तास फेकून दिलेले असतात.

अलर्टसाठी तर हे जास्तच खरं. एका जुन्या कामाच्या ठिकाणी सात दिवसांची सरासरी मागच्या आठवड्यापेक्षा आठ टक्क्यांनी कमी झाली की अलर्ट वाजायचा. तो रोज पहाटे वाजायचा आणि दुपारपर्यंत पुरेशा ऑर्डर्स आल्या की आपोआप शांत व्हायचा. महिनाभरात सगळ्यांनी तो म्यूट केला. मग एक दिवस पेमेंटची पायरी सकाळपासून अडकली. अलर्ट वाजला, रोजच्यासारखाच. संध्याकाळी ग्राहकांच्या तक्रारींवरून कळलं.

आता तुमचा उरलेला दोष, जो आज काढूनही गेला नाही. तो मला जास्त धोक्याचा वाटतो.

ऑर्डर ज्या दिवशी झाली त्या तारखेला मोजली जाते, पण टेबलात पोचते नंतर. पेमेंटची खात्री व्हायला वेळ लागतो, एखाद्या केंद्राची फाइल दुसऱ्या रात्री येते, मोबाइल ॲप नेटवर्क मिळेपर्यंत नोंद धरून ठेवतं. त्यामुळे कालचा दिवस आज सकाळी ९० टक्के भरलेला असतो, उद्या ९६, परवा ९९ आणि मग पूर्ण. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे वेगळे असतील, पण आकार असाच असतो.

वारांचा फरक क्षणभर बाजूला ठेवून रोज १००० ऑर्डर्स धरू. आज सकाळी कालच्या १०० ऑर्डर्स यायच्या आहेत, परवाच्या ४० आणि त्याआधीच्या दिवसाच्या १०. कालच्या बिंदूच्या विंडोत हे तिन्ही दिवस आहेत: १५० कमी, भागिले सात, म्हणजे सरासरी ९७९. परवाच्या बिंदूत ५० कमी: ९९३. त्याआधीच्यात १० कमी: ९९९. आता सलग तीन सकाळी तीच रेषा बघितली तर काय दिसेल:

| बघितलं केव्हा | सोमवारचा बिंदू | मंगळवारचा | बुधवारचा | गुरुवारचा |
|---|---|---|---|---|
| बुधवारी सकाळी | ९९३ | ९७९ | | |
| गुरुवारी सकाळी | ९९९ | ९९३ | ९७९ | |
| शुक्रवारी सकाळी | १००० | ९९९ | ९९३ | ९७९ |

ओळ आडवी वाचा: ९९९, ९९३, ९७९. उतार आहे, आणि तो वाढत चाललाय. मीटिंगमध्ये याला 'तीन दिवसांपासून घसरण सुरू आहे आणि वेग घेतेय' असं म्हणतील. आता रकाना उभा वाचा: मंगळवार ९७९, मग ९९३, मग ९९९. तोच मंगळवार रोज सुधारतोय. आडवी घसरण आणि उभी वाढ एकत्र दिसली की दोष नोंदींच्या उशिराचा. खऱ्या घसरणीत रकाना उभा वाचताना खालच्या पातळीवर येऊन थांबतो, जुन्या पातळीवर परत जात नाही.

गंमत अशी की हे टेबल करायला लागणारा डेटा बहुतेकांकडे नसतो, कारण डॅशबोर्ड कालचं आपलं बोलणं विसरतो. आज तो मंगळवार ९९९ दाखवतो, पण काल ९९३ दाखवत होता याची नोंद कुठेच नसते. तुमच्या टेबलात नोंद कधी आली त्याचा कॉलम असेल, समजा `loaded_at`, तर इतिहास परत उभा करता येतो:

```sql
SELECT order_date,
       loaded_at::date - order_date AS lag_days,
       COUNT(*) AS n
FROM orders
GROUP BY 1, 2
ORDER BY 1, 2;
```

प्रत्येक तारखेच्या ऑर्डर्स किती दिवस उशिरा आल्या ते यातून मिळतं; त्यांची चालती बेरीज करून अंतिम आकड्याने भागलं की 'किती दिवसांनी किती टक्के भरतं' हे समोर येतं. निदान सहा-आठ आठवड्यांच्या जुन्या, पूर्ण झालेल्या तारखा घ्या. एक सावधानी: काही ठिकाणी टेबल रोज रात्री पुसून नव्याने भरतात. तिथे `loaded_at` सगळीकडे काल रात्रीचाच असतो आणि ही क्वेरी निरर्थक उत्तर देते. तसं असेल तर आजपासून रोज ठरलेल्या वेळी शेवटच्या १४ तारखांचे आकडे आणि बघितल्याची तारीख एका वेगळ्या टेबलात टाकायला लागा. दिवसाला चौदा ओळी, खर्च काहीच नाही, आणि महिनाभरात वरचं टेबल तुमच्या स्वतःच्या आकड्यांचं तयार होतं.

उशिराचा आकार कळला की पुढे दोन रस्ते आहेत.

सरळ रस्ता म्हणजे जिथे ९९ टक्के भरतं तिथे रेषा थांबवायची, आणि पुढचे दिवस फिक्या रंगात 'अपूर्ण' म्हणून दाखवायचे किंवा दाखवायचेच नाहीत. कोविडच्या काळात ब्रिटनच्या सरकारी डॅशबोर्डवर नमुना घेतल्याच्या तारखेनुसार रुग्णसंख्या दाखवताना शेवटचे पाच दिवस असेच अपूर्ण म्हणून वेगळे दाखवत. या रस्त्याची किंमत ताजेपणात मोजावी लागते. आपल्या उदाहरणात रेषा तीन दिवसांपूर्वी थांबेल. त्यात मागे बघणाऱ्या सात दिवसांच्या सरासरीचा मध्य मुळातच शेवटच्या बिंदूच्या तीन दिवस मागे असतो. म्हणजे आज सकाळी तुम्ही बघताय ते सरासरीने सहा दिवसांपूर्वीचं चित्र. महिन्याच्या आढाव्याला हे चालतं. मी स्वतः बाहेर जाणाऱ्या प्रत्येक आलेखात हाच रस्ता घेतो, कारण तिथे समजावून सांगायला आपण हजर नसतो.

दुसरा रस्ता म्हणजे अपूर्ण आकडा भरलेल्या टक्क्याने भागून मोठा करायचा. कालचे ९०० दिसतायत आणि काल साधारण ९० टक्के भरलेला असतो, तर ९०० भागिले ०.९०, म्हणजे १०००. विमा क्षेत्रात उशिरा येणाऱ्या दाव्यांचा अंदाज याच विचाराने बांधतात आणि साथरोगतज्ज्ञ याला नाउकास्टिंग म्हणतात; त्यांची गणितं पुढे बरीच वाढत जातात, पण गाभा हाच भागाकार. इथे ९० हा आकडा रोज ९० नसतो, हे विसरू नका. समजा मागच्या आठवड्यांत तो ८६ ते ९३ असा हलला. मग कालचा अंदाज ९६८ ते १०४७ यांमध्ये कुठेही असू शकतो. एका दिवसासाठी हा फरक मोठा, ७९ ऑर्डर्सचा. पण सरासरीत तो सातने भागला जातो आणि ११ वर येतो. म्हणजे ज्या भागाकाराने आपल्याला फसवलं तोच इथे कामी येतो: दुरुस्त केलेला एकेक दिवस दाखवण्याजोगा नसला तरी दुरुस्त केलेली सरासरी बहुतेक वेळा असते. वारांनुसार टक्केवारी वेगळी काढा. सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी बहुधा सावकाश येतात, आणि सगळ्यांना एकच टक्का लावला तर सोमवारी सकाळी रेषा नेमाने खोटं बोलेल. दुरुस्त केलेला भाग तुटक रेषेत दाखवा आणि खाली किती टक्के धरलेत ते लिहा.

हे दोन्ही रस्ते एका गृहीतावर उभे आहेत: उशीर नेहमीसारखाच आहे. एखाद्या केंद्राची फाइल आलीच नाही, तर काल ९० ऐवजी ७० टक्के भरलेला असेल, आणि ०.९० ने भागून तुम्ही खोटी घसरण जास्त आत्मविश्वासाने दाखवाल. टक्क्यांकडे बघून हे कळत नाही. स्रोतांकडे बघून कळतं. म्हणून आलेख काढण्याआधी प्रत्येक स्रोताची शेवटची `loaded_at` किती वाजताची आहे ते तपासणारी एक छोटी क्वेरी चालवा. एखादा स्रोत नेहमीच्या वेळेपेक्षा मागे असेल तर रेषा आदल्या दिवशीच थांबवा आणि तसं लिहा.

आणि खरी घसरण ओळखायची कशी? यासाठी मी दुरुस्ती करायच्या भानगडीतच पडत नाही. आजच्या अर्धवट शेपटाची तुलना गेल्या आठवड्यातल्या त्याच वारी, त्याच वेळी जसं शेपूट दिसत होतं त्याच्याशी करतो. लक्षात घ्या, गेल्या बुधवारच्या आज दिसणाऱ्या आकड्यांशी नाही. ते आता भरून पूर्ण झालेत. गेल्या बुधवारी सकाळी दहाला जे दिसत होतं त्याच्याशी. तेव्हाही शेवटचा बिंदू ९७९ असेल आणि आज ९७६ असेल, तर काही झालेलं नाही. आज ९४० असेल, तर नेहमीच्या अपूर्णतेने त्यातले २१ खाल्ले आणि उरलेले ३९ खरे आहेत किंवा एखादा स्रोत अडकलाय. सरासरीत ३९ कमी म्हणजे आठवड्यात २७३ ऑर्डर्स कमी. त्या कोणत्या दिवशी आणि कोणत्या केंद्राच्या कमी आहेत ते दिवसावार आकड्यांत उतरून दहा मिनिटांत सापडतं. यासाठी मात्र गेल्या बुधवारची सकाळ जपून ठेवलेली हवी, म्हणून ते चौदा ओळींचं टेबल आजच सुरू करा. `loaded_at` भरवशाचा असेल तरीही. ऑर्डर रद्द झाल्यावर काही सिस्टिम जुनी नोंद पुसून टाकतात, आणि पुसलेल्या नोंदीचा इतिहास `loaded_at` मधून परत येत नाही.